हॅशटॅगमधलं मोठं अक्षर आलं कुठून, अन् मराठीत त्याचं काय करायचं

आंबिया बहाराची संत्री तोडायला आली की वरुड-मोर्शीकडले शेतकरी अन् बचत गट फोटो टाकतात अन् खाली लिहितात #warudchisantri. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते कसंबसं कळतं, पण जे लोक फोनचा टॉकबॅक लावून ऐकतात त्यांना तो एकच लांबलचक शब्द वाटतो, कुठं तोडायचा हे त्या आवाजाला समजत नाही.

हॅशटॅग सुरू झाला 2007 मध्ये. क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की विषय एकत्र करायला शब्दाआधी # लावा. जागा सोडली की हॅशटॅग तिथंच संपतो, म्हणून लोक सगळे शब्द चिकटवून लिहू लागले. 2013 मध्ये मार्गारेट थॅचर वारल्या तेव्हा #nowthatchersdead फिरला अन् "now that Cher's dead", म्हणजे गायिका शेर गेली, असंच कित्येकांनी वाचलं. #NowThatchersDead लिहिलं असतं तर घोळ टळला असता. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायची ही पद्धत प्रोग्रॅमर आधीपासून वापरायचे, तिला कॅमल केस म्हणतात, अन् स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखा पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, बहुतेक वेळा तिथंच शब्द तोडून वाचतो. #WarudchiSantri लिहा, शोधात काही फरक पडत नाही कारण लहान-मोठं अक्षर तिथं एकच धरतात. फक्त टाइप करताना खाली जे सजेशन येतं ते बरेचदा सगळं लहान अक्षरांत असतं, त्यावर बोट ठेवलं की मेहनत गेली.

आता आपली अडचण अशी की देवनागरीत मोठं अक्षर नाहीच! #वरुडचीसंत्री कॅमल केसमध्ये लिहिताच येत नाही. माझ्या मते इथं अंडरस्कोर बरा, #वरुडची_संत्री, कारण त्यानं हॅशटॅग तुटत नाही अन् शब्द वेगळे राहतात. काही आवाज "अंडरस्कोर" असं मोठ्यानं म्हणतात, तेवढं चालते, म्हणून एका पोस्टला दोन-तीनच हॅशटॅग ठेवा अन् तेही शेवटी.

इमोजीचं तसंच. युनिकोडमध्ये प्रत्येक चित्राला नाव आहे अन् स्क्रीन रीडर ते नाव बोलतो, 🍊 ला इंग्रजीत "टँजरीन". सहा लावले तर संत्र्यांचा भाव ऐकण्याआधी सहादा टँजरीन ऐकावं लागते, अन् वाक्याच्या मधात घातले तर वाक्यच तुटते. एक ठेवा, शेवटी.

अल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोमागं लिहिलेलं त्याचं वर्णन, मात्र हॅशटॅगहून जुनं, वेबपानं लिहायच्या 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्येच ते होतं, फोटो उघडला नाही तर त्याजागी वाचायला. ट्विटरनं 2016 मध्ये अन् इन्स्टाग्रामनं 2018 मध्ये ते स्वतः लिहायची सोय दिली. आपल्याकडं जास्त गडबड बॅनरची होते, भाव, तारीख, गाव सगळं चित्रात अन् कॅप्शनमध्ये नुसतं "लवकर संपर्क करा". चित्रातली अक्षरं बहुतेक वेळा ऐकू येतच नाहीत, म्हणून भाव अन् फोन नंबर कॅप्शनमध्येही टाका. अल्ट टेक्स्टमध्ये "संत्र्याचा फोटो" लिहून भागत नाही, असं लिहा: "प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरलेली ताजी संत्री, साल नारिंगी पण देठाजवळ जराशी हिरवी, काही फळांना पान लागलेलं." गिऱ्हाईक माल पाहून जे ठरवते ते सगळं यात आलं.