विषय: ३१ मार्च २०२५ चं ऑडिट: राहिलेली कागदपत्रं आणि कोणतं कधीपर्यंत

नमस्कार मॅडम,

आमची टीम सोमवार ५ मे रोजी तुमच्याकडे येईल आणि १६ मेपर्यंत बसेल. मधल्या सोमवारी, १२ तारखेला, बुद्ध पौर्णिमेची सुट्टी आहे, म्हणजे हातात दिवस नऊच. मार्चमध्ये दिलेल्या यादीतलं बरंचसं आलं आहे. ट्रायल बॅलन्स, स्थिर मालमत्तेचं रजिस्टर आणि पगाराचे तक्ते आम्ही तपासायलाही घेतले. अडलंय ते तीन ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी नेमकं काय हवं आणि का, ते खाली लिहिते, म्हणजे खरेदी विभागाकडे किंवा पार्टीकडे मागताना तुमच्या मुलांना दोनदा फोन करावा लागणार नाही.

सगळ्यात आधी बॅलन्स कन्फर्मेशन, कारण यात उत्तर तिसऱ्याकडून यायचं असतं आणि ते आपल्या हातात नाही. निवडलेल्या २५ पार्ट्यांची यादी तुमच्याकडे आहे. पत्रं कंपनीच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीनं निघतील. पण पाठवणार आम्ही आणि उत्तरही थेट आमच्याच मेलवर यायला हवं. तुमच्या मुलांनी मदत म्हणून सहा पत्रं परस्पर पाठवली आणि आलेली उत्तरं आम्हाला फॉरवर्ड केली. हेतू चांगला होता, पण ऑडिटच्या मानक ५०५ प्रमाणे पत्रव्यवहाराचा ताबा ऑडिटरकडेच असावा लागतो, त्यामुळे ती सहा पुन्हा पाठवावी लागतील. (एका जुन्या क्लायंटकडे चार वेगवेगळ्या गावांतल्या पार्ट्यांच्या उत्तरांवर एकाच हातचं अक्षर पाहिलंय. तेव्हापासून मी यात सूट देत नाही.) सही केलेली पत्रं आणि पार्टीच्या अकाउंट्स विभागाचे चालू मेल पत्ते शुक्रवार २५ एप्रिलपर्यंत द्या. मालकाचा किंवा सेल्समनचा पत्ता नको, तिथे पत्र पडून राहतं.

उत्तर जुळलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आलेल्या एका उत्तरात पार्टीनं १२,४६,३०० रुपये लिहिलेत, आपल्या लेजरला १२,८१,७०० आहेत. फरक ३५,४०० चा. आकडा पाहिल्यावरच शंका आली: ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००. चौकशी केली तर फेब्रुवारीत परत आलेल्या मालाची पार्टीची डेबिट नोट स्टोअरकडे पडली होती, अकाउंट्सपर्यंत आलीच नव्हती. म्हणजे विक्री आणि येणी दोन्ही जास्त दिसत होती. असा फरक आला की आकडा जुळवून नवं उत्तर मागवू नका. फरकाचं कारण आणि त्याचा कागद, एवढंच पाठवा.

दुसरं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी. हे सर्वात किचकट आहे, आणि मुदत टळून ३१ मार्चनंतर पैसे गेले तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, म्हणजे थेट कर वाढतो. ६२ पुरवठादारांपैकी ३८ जणांची उद्यम प्रमाणपत्रं आली, २४ राहिलीत. व्हेंडर मास्टरमध्ये ‘एमएसएमई: हो’ एवढी नोंद पुरत नाही. प्रमाणपत्रावर तीन गोष्टी बघायच्या. वर्ग सूक्ष्म आहे की लघु. मध्यम असेल तर आयकराची ही अट लागू नाही. मुख्य काम उत्पादन किंवा सेवा आहे की नुसता व्यापार. व्यापाऱ्याला उद्यम नंबर मिळतो, पण उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं संरक्षण मिळत नाही. आणि नोंदणीची तारीख आपल्या बिलांच्या आधीची आहे का. नंबर `UDYAM-MH-00-0000000` अशा साच्याचा असतो. जुना उद्योग आधारचा नंबर कुणी पाठवला तर परत करा.

आता मुदत कशी मोजायची. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर करारात लिहिलेले दिवस, पण जास्तीत जास्त ४५. आपल्या पर्चेस ऑर्डरवर सरसकट ६० दिवस छापलंय, ते इथे चालत नाही. एका पॅकिंगवाल्याचं उदाहरण घ्या. तो सूक्ष्म आहे आणि स्वतः उत्पादन करतो. माल २० जानेवारीला स्वीकारला, बिल ३,४०,००० अधिक जीएसटी. ४५ दिवस ६ मार्चला संपले, पैसे गेले १५ एप्रिलला. आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे हे ३,४०,००० या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाहीत, पुढच्या वर्षी मिळतील. जीएसटीचं क्रेडिट आपण घेतलंय, म्हणून ती रक्कम यात येत नाही. त्याच माणसाचं १० मार्चचं बिलही ३१ मार्चला थकलेलं दिसतं, पण त्याची मुदत २४ एप्रिलला संपते आणि पैसे १५ एप्रिललाच गेले. ते याच वर्षी मान्य. तुमच्या शीटमध्ये ३१ मार्चची सगळी शिल्लक लाल केली आहे, त्यातली अशी बिलं बाहेर येतील.

उलटी चूकही दिसते. जे बिल मुदतीनंतर, पण ३१ मार्चच्या आत भागवलं, त्याचा खर्च मिळतो. मात्र उशिराचं व्याज लागतंच. ते बँक रेटच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ, आणि ते व्याज आयकरात कधीच वजा होत नाही. पुरवठादारानं मागितलं नाही तरी ताळेबंदाच्या टिपेत दाखवावं लागतं. म्हणून शीटमध्ये बिल तारखेशेजारी माल स्वीकारल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख असे दोन रकाने वाढवा. स्वीकारल्याची तारीख जीआरएनवरून घ्या, बिलावरून नको. ही शीट बुधवार ३० एप्रिलपर्यंत हवी, कारण १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. उद्यमचा नंबर मागूनही न देणाऱ्यांना पाठवलेल्या मेलची प्रत ठेवा.

तिसरं, बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टॉक आणि येण्यांची स्टेटमेंट. कंपनीची वर्किंग कॅपिटलची मर्यादा ५ कोटींच्या वर आहे, त्यामुळे ही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का हे आम्हाला कारोच्या अहवालात लिहावं लागतं. बँकेला गेलेलीच, शिक्का असलेली किंवा मेलसोबतची प्रत द्या. टॅलीतून आज नवीन काढलेली नको. स्टेटमेंट गेल्यावर मागच्या तारखेनं बिलं चढतात, फरक तिथेच पडतो आणि तोच आम्हाला पाहायचा असतो. डिसेंबरच्या तिमाहीत फरक मोठा दिसतोय, त्याचं कारण तुमच्याकडून लेखी यावं. यासोबत ३१ मार्चच्या मोजणीचे मूळ, पेननं लिहिलेले कागद हवेत. एक्सेलमध्ये उतरवल्यावर खाडाखोड नाहीशी होते. हे सगळं ३० एप्रिललाच.

मॅनेजमेंटचं रिप्रेझेंटेशन लेटर आत्ता सही करून पाठवू नका. त्यावर ऑडिट रिपोर्टच्या तारखेच्या जवळची तारीख लागते, मसुदा मी शेवटच्या आठवड्यात देईन.

एखादी तारीख जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, मी कामाचा क्रम बदलते. फक्त कन्फर्मेशनच्या २५ तारखेला माझ्याकडे पर्याय नाही. आणि ५ तारखेला स्टोअरजवळची खोली मिळाली तर बरं होईल, जीआरएनच्या फायली तिथेच आहेत.

आपली,
ऑडिट सीनियर
२१ एप्रिल २०२५