पडद्यावरची फुलं चुण्यांत कुठे जातात?

गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा आम्हाला दिवाणखान्याचं एक थ्रीडी चित्र दाखवण्यात आलं. सोफा, उन्हाची तिरीप, टीपॉयची काच सगळं अस्सल दिसत होतं, पण पडदा खोटा वाटत होता. विचारलं तर उत्तर आलं, "रेझोल्यूशन वाढवलं की ठीक होईल." हा गैरसमज फार पसरलेला आहे. कापडाचा धागा न् धागा मोजता आला असता तरी तो पडदा खोटाच दिसला असता, कारण चूक भूमितीची होती. चुण्या होत्या, पण फुलं त्यांच्यावरून सरळ गेली होती, प्रोजेक्टरने चित्र टाकावं तशी.

साडीच्या निऱ्या आठवा. दुकानात उलगडलेल्या साडीवरचे बुट्टे निऱ्या घातल्यावर अर्धे घडीत जातात, काही कडेला चेपून दिसतात. कापड वाकतं, पण लांबत नाही. रुमाल धाग्याच्या दिशेने ओढून पाहा, जवळजवळ ताणत नाही. उरेब ओढला तर मात्र थोडा ताणतो. न ताणता वाकणाऱ्या पृष्ठभागांचा नियम गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये मांडला. सपाट वस्तू न ताणता वाकवली, तर ती प्रत्येक ठिकाणी निदान एका दिशेने सरळच राहते. पोस्टकार्ड आडवं वाकवलं की उभ्या दिशेने ताठ होतं, ते याचमुळे. म्हणून पडद्याच्या चुण्या लांब, उभ्या पन्हळींसारख्या दिसतात. चित्रात त्यांच्यावर गोलसर फुगवटे दिसले, तर डोळ्याला ते कापड न वाटता रबर वाटतं.

आता हिशोब करू. पडद्याचा दांडा 180 सेंमी आणि कापड त्याच्या दुप्पट, म्हणजे 360 सेंमी. चांगल्या पडद्याला साधारण एवढं कापड लागतंच. बारा चुण्या केल्या, तर प्रत्येक चुणीत 30 सेंमी कापड जातं आणि ती दांड्यावर 15 सेंमी जागा घेते. सोयीसाठी चुणी नागमोडी न धरता कोनदार धरू. तिची एक बाजू 15 सेंमी लांब आणि समोरून दिसणारी रुंदी साडेसात, म्हणजे बाजू 60 अंशांत कललेली. पायथागोरस लावला की खोली निघते सुमारे 13 सेंमी. खिडकी आणि सोफा यांच्यात तेवढी जागा चित्रात सोडलेली असते का, हे जरूर पाहावं.

फुलांची नक्षी दर 24 सेंमीवर परत येते असं समजा. 360 सेंमी कापडावर ती 15 वेळा येईल. नक्षी समोरून चिकटवली, तर 180 सेंमीत ती साडेसात वेळाच बसते, म्हणजे फुलं दुप्पट रुंद दिसतात. आम्हाला दाखवलेल्या चित्रात हेच झालं होतं, आणि त्यावरून आम्ही कापड निवडणार होतो! खऱ्या पडद्यात चुणीच्या माथ्यावर फूल पूर्ण रुंदीचं दिसतं, उतारावर अरुंद होतं. शिवाय 30 आणि 24 जुळत नसल्यामुळे प्रत्येक माथ्यावर फुलाचा वेगळा भाग येतो, आणि चार चुण्यांनंतर तोच क्रम परत सुरू होतो.

उपाय सोपा आहे: नक्षी आधी, चुण्या नंतर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 360 बाय 240 सेंमीची, लहान चौकोनांची सपाट जाळी घ्यायची, सपाट असतानाच तिच्यावर नक्षी खऱ्या मापाने बसवायची. मग तिला कापडासारखं वागायला लावणारं `Cloth` लावून वरची कड `Pin Group`मध्ये अडकवायची आणि ते अडकवलेले बिंदू हळूहळू 180 सेंमीपर्यंत जवळ आणायचे. `Self Collisions` सुरू नसेल तर चुण्या एकमेकींतून आरपार जातात. जाळीचा चौकोन 2 सेंमीचा ठेवला, तर एका चुणीला पंधरा चौकोन मिळतात आणि ती गोलाईने वळते. चौकोन 10 सेंमीचा केला, तर तीनच मिळतात आणि कापड पुठ्ठ्यासारखं मोडतं. मात्र जाळी बदलली की सॉफ्टवेअरमधले ताठपणाचे आकडे तेच ठेवूनही कापडाचा ताठपणा वेगळा दिसू शकतो, तेव्हा तो पुन्हा जुळवावा लागतो.

गालिचा सपाट असल्यामुळे त्याच्या मापातली चूक पटकन पकडता येते. 6 बाय 9 फुटी गालिच्याचा फोटो 5 बाय 8 च्या आयतात ताणून बसवला, की मधलं गोल पदक लंबगोल होतं. माप बरोबर असूनही गालिचा छापील वाटला, तर लव तपासावी. गालिच्याचे तंतू एका दिशेला झुकलेले असतात. म्हणून तोच गालिचा एका टोकाकडून उजळ आणि समोरच्या टोकाकडून गडद दिसतो. चित्रात कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि रंग जराही बदलला नाही, तर तिथे लव नाही, नुसता फोटो आहे.