टाइमटेबलचा स्क्रीनशॉट नको, मूळ पीडीएफ पाठवा

"पीडीएफ उघडून स्क्रीनशॉट काढला, तो चालेल ना?" कॉलेजचं टाइमटेबल आम्ही तुमच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घालण्यासाठी तयार करून देतो, आणि कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. चालतो, पण वेळ जास्त लागतो आणि दरही जास्त पडतो. त्याचं कारण असं.

एक्सेल किंवा वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर पानावर नेमकं कुठे आहे याची नोंद असते. त्यावरून '११:१५' कोणत्या ओळीत आहे आणि 'मॅथ्स' कोणत्या वाराखाली येतं, हे आमचा प्रोग्रॅम अचूक उचलतो. फोटोत असतात नुसते ठिपके. त्यातून आकडे ओळखावे लागतात, आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आधीच दाबून लहान झालेला असतो. मग १ चा ७ होतो, आणि १:१५ चं लेक्चर ७:१५ ला जाऊन बसतं. ७:१५ ही वेळही खरी वाटते, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फोटोवरून आलेला प्रत्येक आकडा आम्ही हाताने ताडून पाहतो. जादा पैसे त्याचेच.

तुमची फाइल कशी आहे हे घरीच कळतं. पीडीएफमधल्या एखाद्या वेळेवर बोट दाबून धरा. आकडे निळे होऊन निवडले गेले तर उत्तम. नाही झाले, तर तो पीडीएफमध्ये घातलेला फोटोच आहे. नोटीस बोर्डावरचा कागद स्कॅन केला की असंच होतं. अशा वेळी कॉलेजच्या वेबसाइटवर मूळ फाइल आहे का बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

फाइल चांगली असली तरी दोन गोष्टी मशीनवर सोडता येत नाहीत. टाइमटेबलात सकाळ-दुपार सहसा लिहिलेलं नसतं. १२:१५ च्या खाली १:१५ आलं की आकडा लहान होतो, तिथून पुढे आम्ही १२ मिळवतो. नाहीतर लेक्चरची आठवण रात्री सव्वाला वाजेल! दुसरं प्रॅक्टिकल. २ ते ४ असा एकच जोडलेला चौकोन असतो, पण मजकूर २ च्या ओळीतच सापडतो आणि ३ ची ओळ रिकामी निघते. शिवाय त्याच चौकोनात तिन्ही बॅचची नावं असतात. तेव्हा तुमची बॅच आणि सत्राची पहिली व शेवटची तारीख सोबत कळवा. शेवटची तारीख नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतही लेक्चरं दिसत राहतात.

तुम्हाला .ics फाइल, म्हणजे कॅलेंडरमध्ये टाकायची फाइल मिळेल. गूगल कॅलेंडरमध्ये ती मोबाइल ॲपवरून इम्पोर्ट होत नाही, कॉम्प्युटरवरूनच करावी लागते. आधी वेगळं कॅलेंडर तयार करून त्यातच टाका. सत्र संपलं की ते एकदम उडवता येतं. कॉम्प्युटर नसेल तर दुकानात या, तुमच्यासमोर टाकून देऊ.

बसचं वेळापत्रकही करून देतो. त्यात फक्त सुटण्याची वेळ असेल, तर स्वारगेटहून तुमच्या स्टॉपवर यायला किती मिनिटं लागतात ते सांगा. तेवढी मिनिटं आम्ही पुढे धरतो, मात्र ट्रॅफिकची जबाबदारी आमची नाही.