ब्रँडची पत्रिका जुळते का?

‘आमचा ब्रँड म्हणजे वीर’, ‘आमचा काळजीवाहू’ असं हल्ली छोट्या कंपन्याही सांगतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आदिबंधांवरून, म्हणजे सगळ्यांच्या मनात खोल रुजलेल्या मूळ प्रतिमांवरून, मार्केटिंगवाल्यांनी बारा व्यक्तिरेखा ठरवल्या आहेत: बंडखोर, ऋषी, विदूषक, साधा माणूस वगैरे. सल्लागार त्यातली एक निवडतो, तिची इच्छा, भीती आणि बोलण्याची ढब लिहून देतो आणि बैठकीतले सगळे माना डोलावतात. खरी गंमत या माना डोलावण्यात आहे.

1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं ‘खास’ स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य याच जोरावर चालतं. ‘हा ब्रँड प्रामाणिक आहे, पण धाडसालाही मागे हटत नाही’ हे वाक्यही कुठल्याही कंपनीला चिकटतं.

म्हणून ‘पटतंय का?’ असं विचारूच नये. आधी ग्राहकांनी ती वस्तू का घेतली, कशाऐवजी घेतली, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावं. दोघांनी एकमेकांचं न पाहता त्या उत्तरांना आदिबंध लावावेत. दोघांचं जमलं नाही, तर वर्णनच ढगळ आहे. मग आपलं आणि तीन प्रतिस्पर्ध्यांची अशी चार वर्णनं नावं झाकून 40 ग्राहकांसमोर ठेवावीत आणि आपलं कोणतं ते ओळखायला सांगावं. नुसत्या अंदाजानेही साधारण दहा जण बरोबर ठरतील. सोळा किंवा अधिक जणांना ते योगायोगाने साधण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास, तेव्हा तिथून पुढे वर्णनात काही दम आहे असं मानायला हरकत नाही. हीच चाचणी कर्मचाऱ्यांवर वेगळी करावी, शक्यतो साहेब खोलीत नसताना.

दोन्ही निकाल वेगळे निघू शकतात. टाटा नॅनो माझ्या मते त्याचंच उदाहरण. पावसात स्कूटरवरून चाललेलं कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली आणि 2008 मध्ये ती लाखाची गाडी म्हणून जगासमोर आली. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा काळजीवाहू, आणि ते सोंग नव्हतं. ग्राहकाच्या बाजूने मात्र घरातली पहिली गाडी म्हणजे पेढे वाटायचा प्रसंग. चार माणसांत मिरवायच्या वस्तूवर ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का कोणाला हवा असेल? ‘स्वस्त गाडी’ म्हणून ती विकली ही चूक झाली, असं टाटांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. 2014 मध्ये ‘ट्विस्ट’ या नावाने तिला तरुण, रंगीत रूप देऊन पाहिलं, पण स्वस्ताईचा शिक्का तोवर पक्का बसला होता.