दहा बिटांची फ्रेम कुठून आली

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काट्यावरचं वजन वायरीनं भिंतीवरच्या मोठ्या डिस्प्लेवर जातं. काट्याचं बोर्ड ८०५१ मायक्रोकंट्रोलरचं. त्याचं घड्याळ चालवणारा क्रिस्टल बिघडला म्हणून कुणीतरी जुना ११.०५९२ मेगाहर्ट्झचा काढून दुकानात मिळाला तो १२ मेगाहर्ट्झचा बसवला. काटा सुरू झाला, वजनही अचूक दाखवू लागला, पण भिंतीवर कचरा उमटायला लागला. बोर्ड माझ्याकडे आलं तेव्हा मी ते कॉम्प्युटरला जोडून थांबून थांबून एकच ‘5’ पाठवला. पलीकडे ‘5’ चा कोड 0x35 येण्याऐवजी दर वेळी 0x95 येत होता. वायर सैल असती तर चूक दर वेळी वेगळी दिसली असती. इथं चूक ठरलेली होती, म्हणजे दोष वेळेचा होता.

या जोडणीत घड्याळाची वेगळी तार नसते. प्रत्येक अक्षराच्या आधी येणाऱ्या स्टार्ट बिटाची कड दिसली की घेणारा आपलं घड्याळ तिथून मोजू लागतो आणि पुढचे बिट अंदाजानं वाचतो. ही रीत टेलिप्रिंटरची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांच्या मॉर्क्रम कंपनीनं ती टेलिप्रिंटरमध्ये रुजवली. दोन गावांतल्या दोन मोटारी दिवसभर एका वेगानं फिरणं अशक्य होतं. म्हणून प्रत्येक अक्षराला एक सुरुवातीची खूण आणि शेवटी थोडी विश्रांती दिली. घेणाऱ्या यंत्राचा दांडा आपला फेरा जरा आधीच संपवून अडकून थांबे आणि पुढची खूण आली की पुन्हा सुटे. त्यामुळे चूक एका अक्षरापुरतीच साचे. मोटारीचा वेग तपासायला तंत्रज्ञ ट्यूनिंग फोर्कच्या फटीतून गव्हर्नरवरचे काळे-पांढरे पट्टे बघायचे. पट्टे स्थिर दिसले की वेग बरोबर.

अक्षर आखूड का, याचं उत्तर त्या मोटारीत आहे. पाच खुणांच्या अक्षरात शेवटच्या खुणेचा मध्य सुरुवातीपासून साडेपाच खुणांवर येतो. तिथपर्यंत अर्ध्या खुणेहून जास्त घसरण चालत नाही, म्हणजे दोन्ही टोकं मिळून फार तर ९ टक्के. तारेतली विकृतीही त्यातच भागवायची.

१९२१ मध्ये वॉल्टर केडी यांनी क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालणारा ऑसिलेटर दाखवला आणि मोजमाप टक्क्यांवरून दशलक्षांशांवर, म्हणजे पीपीएमवर आलं. ५० पीपीएमचा क्रिस्टल दिवसाला साधारण ४.३ सेकंद चुकतो. १९७१ च्या सुमारास यूआर्ट, म्हणजे असे बिट पाठवणारं आणि वाचणारं सर्किट, एका चिपमध्ये आला. तो सहसा एका बिटात १६ वेळा तार बघतो, म्हणून स्टार्टची कड ओळखण्यात बिटाचा सोळावा भाग जातो. उरतो ०.४४ बिट. एक स्टार्ट, आठ डेटा आणि एक स्टॉप अशा दहा बिटांच्या फ्रेममध्ये शेवटचा नमुना ९.५ बिटांवर घेतात, तेव्हा मर्यादा ४.६ टक्के, म्हणजे ४६,००० पीपीएम. वायरीतल्या कडा बोथट होतात, म्हणून मी प्रत्येक टोकाला दोनच टक्के धरतो. दोन्ही क्रिस्टल ५० पीपीएमनं उलट दिशांना चुकले तरी फरक १०० पीपीएम. त्या हिशेबानं एकाच स्टार्ट बिटावर चार हजारांहून जास्त बिट वाचता येतील. फ्रेम मात्र मोटारीच्या काळातल्या मापाचीच राहिली. माझ्या मते ते चांगलंच झालं, कारण याच ढिलाईवर क्रिस्टल नसलेले स्वस्त कंट्रोलरही निभावून जातात.

मग अडतीवर काय झालं? क्रिस्टलचे पीपीएम निर्दोष होते. नडला तो भागाकार. ८०५१ क्रिस्टलला आधी १२ नं, मग ३२ नं आणि शेवटी टायमरमधल्या पूर्णांकानं भागतो. ९६०० बॉडसाठी, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांसाठी, तो पूर्णांक ३:

```
11059200 / 12 / 32 / 3 = 9600
12000000 / 12 / 32 / 3 = 10417
```

८.५ टक्के जास्त, म्हणजे ८५,००० पीपीएम. घेणाऱ्याचा पाचवा डेटा बिट पाठवणाऱ्याच्या ५.९७ व्या बिटावर वाचला जातो, म्हणजे अगदी काठावर. सहावा ७.०५ वर, म्हणजे सातव्यात. सातवा आठव्यात आणि आठवा थेट स्टॉप बिटात, जो नेहमी १ असतो. सर्वांत खालचा बिट आधी जातो, म्हणून ‘5’ चे खालचे पाच बिट शाबूत राहतात, त्यावरचे दोन शून्य होतात आणि सर्वांत वरचा १ होतो. म्हणूनच 0x95. शून्य ते नऊ सगळ्या आकड्यांचं हेच होतं. अक्षरं सलग आली तर शेवटचा नमुना पुढच्या स्टार्ट बिटावर पडतो आणि फ्रेमिंग एरर येते. एकेक अक्षर थांबून पाठवलं म्हणूनच मला चूक इतकी स्वच्छ दिसली.

१२ मेगाहर्ट्झ ठेवून २४०० बॉड घेतला असता तर भाजक १३ झाला असता आणि चूक ०.१६ टक्के. पण डिस्प्लेचा वेग बदलता येत नव्हता. सांगलीत शोधून ११.०५९२ चा क्रिस्टल आणला, टाकला आणि भिंतीवर वजन परत आलं.