‘पांढरं सोनं घसरलं, दिल्ली गप्प’: एका मथळ्याची चिरफाड

कापसाचा हंगाम सुरू झाला की विदर्भातल्या पेपरांत असा मथळा हमखास दिसतो. वाचणारा अडखळत नाही, पण शब्दशः पाहिलं तर सोनं कुठं घसरलेलं नाही आणि शहराला तोंडही नसतं.

सरळ अर्थ असा अडला की दोन वाटा उरतात. ‘सोनं’ म्हणजे कापूस, कारण दोन्ही मोलाचे. ही साम्याची वाट, म्हणजे रूपक. ‘दिल्ली’ म्हणजे केंद्र सरकार, पण सरकार काही दिल्लीसारखं दिसत नाही. ते तिथं बसतं. ही संबंधाची वाट, तिला लक्षणा म्हणू. काटेकोर बोलायचं तर संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेत दोन्ही येतात. अकराव्या शतकातल्या मम्मटानं साम्यावरची ती ‘गौणी’ आणि इतर संबंधांवरची ती ‘शुद्धा’ अशी फोड केली. ‘भाले आत येताहेत’, म्हणजे भालेवाले येताहेत, हे शुद्धेचं उदाहरण.

ओळखायचं कसं? मधे ‘सारखा’ घालून पाहा. ‘कापूस सोन्यासारखा’ जमतं, म्हणून रूपक. ‘सरकार दिल्लीसारखं’ जमत नाही. तिथं ‘-तला’ किंवा ‘-चा’ लावून गाळलेला शब्द परत आणा: दिल्लीतलं सरकार. ‘विहीर आटली’ म्हणजे विहिरीतलं पाणी, ‘आखं गाव जेवलं’ म्हणजे गावातली माणसं. नुसता ‘-चा’ दिसला म्हणून फसू नका. ‘संसाराचा गाडा’ हे रूपकच, कारण तिथं काही गाळलेलं नाही. संसार हाच गाडा.

आता ‘घसरलं’. कापूस घसरत नाही, कापसाचा भाव घसरतो. ही झाली लक्षणा. आणि भाव तरी कुठं निसरड्यावर उभा असतो? कमी होणं म्हणजे खाली येणं, हे रूपक इतकं रुळलंय की ते रूपक आहे हेही जाणवत नाही. एकाच क्रियापदात दोन्ही वाटा मिळाल्या.

उपमा सगळ्यांत सोपी, कारण ती साम्य उघड सांगते. ‘ऊन तव्यावानी तापलं’ यात ऊन उपमेय, तवा उपमान, तापणं हा समान धर्म आणि ‘वानी’ हा वाचक शब्द. पण प्रत्येक ‘वानी’ किंवा ‘सारखा’ म्हणजे उपमा नव्हे. ‘त्याचा बैल माह्या बैलावानीच हाये’ ही साधी तुलना, कारण दोन्ही एकाच जातीचे. ‘काल सारखा पाऊस होता’ यात तर तुलनाच नाही.

निवडणुकीच्या बातम्यांत खरी कसोटी लागते. ‘घड्याळ मागं पडलं’ यात घड्याळ म्हणजे ते चिन्ह असलेला पक्ष, म्हणून लक्षणा. ‘मागं पडलं’ हे मात्र शर्यतीचं रूपक, आणि घड्याळ खरोखरच मागं पडतं म्हणून वर श्लेषही. उपसंपादक अशा मथळ्याच्या शोधातच असतो.