लाखेची अर्धी वाटी आणि गेलेली ऊर्जा

बारावीच्या फिजिक्समध्ये कपॅसिटरची दोन गणितं ठरलेली आहेत. एकात प्लेटांच्या मधली जागा डायइलेक्ट्रिकने अर्धवट भरलेली असते. दुसऱ्यात चार्ज केलेले दोन कपॅसिटर तारेने जोडायचे आणि किती ऊर्जा गेली ते काढायचं. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या क्लासेसमध्ये ही दोन्ही गणितं वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी शिकवली जातात. प्रत्यक्षात 1837 साली लंडनमध्ये झालेल्या एकाच प्रयोगात ती दोन्ही होती.

त्या प्रयोगात हुबेहूब सारखी दोन उपकरणं होती. प्रत्येकात बाहेर पितळेचा पोकळ गोल, आत पितळेचाच लहान गोळा आणि मध्ये हवा. एका उपकरणात खालच्या अर्ध्या भागात लाखेची जाड अर्धगोल वाटी बसवली, म्हणजे मधली निम्मी जागा लाखेने भरली आणि निम्मी हवेचीच राहिली. मग हवेचं उपकरण चार्ज करून मोजमाप घेतलं, दोन्ही उपकरणांचे आतले गोळे क्षणभर जोडले आणि पुन्हा मोजलं. दोघांची धारकता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, सारखी असती तर आकडा बरोबर निम्म्यावर आला असता. तो निम्म्याच्याही खाली गेला. लाखेच्या उपकरणाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त चार्ज ओढून घेतला होता. त्याची धारकता सुमारे दीडपट निघाली.

याच शहरात 1770च्या दशकात अशीच मोजमापं आणखी एकाने करून ठेवली होती, पण ते कागद थेट 1879 साली छापले गेले. त्यामुळे पुढचा सगळा विचार 1837च्या प्रयोगावरून झाला.

दीडपटीवरून लाखेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक K काढताना वाटी कशी बसवली आहे, हे बघावं लागतं. इथे हवेचा भाग वर आणि लाखेचा खाली असला, तरी दोन्ही भाग आतल्या गोळ्यापासून बाहेरच्या गोलापर्यंत पूर्ण पोचतात. म्हणून ते समांतर जोडलेले दोन अर्धे कपॅसिटर ठरतात. धारकता (1+K)/2 पट होते, आणि दीडपट असेल तर K येतो 2. तेवढीच लाख सपाट प्लेटांमध्ये थर म्हणून ठेवली, म्हणजे निम्म्या जाडीत लाख आणि निम्म्या जाडीत हवा, तर जोडणी एकसर होते. मग धारकता 2K/(1+K) पट, म्हणजे K = 2 साठी 1.33 पट होते. लाख तेवढीच, आकडा वेगळा. ‘अर्धा भरलेला’ एवढ्याच शब्दांवर सूत्र लावायला घेणारी मुलं इथेच अडकतात. आधी आकृती बघायला हवी.

आता ऊर्जेचा हिशोब. जोडण्याआधी हवेच्या उपकरणावर 100 व्होल्ट धरू आणि त्याची धारकता 1 एकक मानू. जोडल्यावर एकूण धारकता 2.5, चार्ज तेवढाच, म्हणून व्होल्टेज 40. आधीची ऊर्जा ½ × 1 × 100² = 5000, नंतरची ½ × 2.5 × 40² = 2000. साठ टक्के ऊर्जा गेली. ती कुठे गेली, हा प्रश्न 1837 साली कुणाला पडला नाही, कारण ऊर्जा अक्षय्य असते हे तत्त्वच 1840च्या दशकात रुजलं. साठवलेल्या ऊर्जेचं सूत्र हाताशी आल्यावर 1853 साली डिस्चार्जचं पूर्ण गणित मांडलं गेलं. त्यातून दिसलं की तारेचा रोध पुरेसा कमी असेल तर चार्ज एका दिशेने वाहून थांबत नाही, तो पुढे-मागे झुलतो.

हे 1853 साली कळूनही गेलेली ऊर्जा कुठे जाते, हा वाद आजवर चालू आहे, आणि माझ्या मते त्याला कारण प्रश्नाची मांडणी आहे. गाईडात प्रश्न असतो: ‘रोध नसलेल्या तारेने जोडले, ऊर्जा कुठे गेली?’ उत्तरात कुणी उष्णता लिहितं, कुणी ठिणगी, कुणी विद्युतचुंबकीय लहरी. एक उदाहरण पूर्ण सोडवू. 100 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर घ्या, एक 200 व्होल्टला, दुसरा रिकामा. आधी 2 जूल, शेवटी दोन्हींवर 100 व्होल्ट आणि मिळून 1 जूल.

तारेचा रोध 10 ओहम असेल तर सुरुवातीला 20 अँपिअर वाहतात आणि काळाचा स्थिरांक अर्धा मिलिसेकंद येतो. रोध 1 ओहम केला तर 200 अँपिअर आणि स्थिरांक 0.05 मिलिसेकंद. उष्णता दोन्ही वेळा ½ × I²R × स्थिरांक, म्हणजे 1 जूलच. रोध कमी केला की करंट वाढतो आणि वेळ तेवढाच घटतो. म्हणूनच ऊर्जेच्या सूत्रात R दिसत नाही: गेलेली ऊर्जा = ½ C₁C₂/(C₁+C₂) × (V₁−V₂)².

पण या हिशोबालाही मर्यादा आहे. तारेचा वेढा कितीही लहान असला तरी त्याला थोडा इंडक्टन्स असतोच. तो 1 मायक्रोहेन्री धरला तर साधारण 0.28 ओहमच्या खाली झुलणं सुरू होतं, आणि रोध अगदी कमी असेल तर सेकंदाला बावीस हजारांहून जास्त वेळा. तरीही रोध शून्य नसेल तोवर झुलणं मंदावतं आणि शेवटी तोच 1 जूल उष्णतेत जातो. इतक्या कमी वारंवारतेला छोट्या वेढ्यातून लहरींवाटे जाणारा वाटा अगदी नगण्य असतो. त्यामुळे अशा सर्किटसाठी ‘लहरींतून गेली’ हे उत्तर मला मान्य नाही.

रोध खरोखर शून्य असेल तर? मग पहिला रिकामा होऊन दुसरा 200 व्होल्टला पोचतो आणि सगळं उलट फिरतं. दोन्हींवर 100 व्होल्ट असतात तेव्हा उरलेला 1 जूल तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात असतो. ती स्थिती टिकत नाही. ‘अंतिम समान व्होल्टेज’ लिहिलं की रोध गृहीत धरलाच. एकाच वाक्यात रोध काढून टाकायचा आणि स्थिरावलेलं व्होल्टेजही मागायचं, ही प्रश्नातली चूक आहे. त्यासाठी मुलांचे मार्क कापणं योग्य नाही.

ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांत हेच सूत्र पॉवर फॅक्टर पॅनलमध्ये भेटतं. एक कपॅसिटर बँक, म्हणजे कपॅसिटरांचा संच, चालू असताना शेजारची रिकामी बँक जोडली की भरलेली बँक तिच्यात रिकामी होऊ लागते, आणि मध्ये फक्त तांब्याच्या छोट्या पट्ट्यांचा रोध आणि इंडक्टन्स असतो. क्षणभराचा करंट नेहमीच्या शंभर पटींच्याही वर जाऊ शकतो. बँक जोडायला-तोडायला साधा काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावला असेल तर लवकरच त्याचे काँटॅक्ट काळे पडतात, त्यांवर खड्डे दिसतात, कधी ते एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून कपॅसिटरसाठीच्या खास काँटॅक्टरला रोधाच्या तारांची वेटोळी जोडलेली असतात. ती मुख्य काँटॅक्टच्या आधी काही मिलिसेकंद सर्किटमध्ये येतात. दोन बँकांची बरोबरी होताना जायची ती ऊर्जा त्यांनी कमी होत नाही. ती काँटॅक्टच्या टोकावर जाण्याऐवजी त्या तारेत जाते, आणि करंट मर्यादेत राहतो.